हप्ता एकच, वाटे दोन : टर्म लोनचा हिशेब कसा वाचावा

यंत्रमाग, शिलाई मशीन, छपाईचे यंत्र किंवा मालवाहू टेम्पो घेण्यासाठी आपले अनेक बांधव बँकेकडून मुदतीचे कर्ज, म्हणजे टर्म लोन घेतात. दरमहा ठरलेला हप्ता खात्यातून जातो. हप्ता किती आणि कोणत्या तारखेला, एवढे सर्वांना पाठ असते. पण त्या हप्त्यातले किती पैसे व्याजात गेले आणि किती मुद्दलातून वजा झाले, हे विचारले तर दहापैकी आठ जण सांगू शकत नाहीत. मग अडीच वर्षांनी कोणी बँकेत जाऊन बाकी विचारतो आणि चकित होतो. साठपैकी तीस हप्ते भरले, म्हणजे अर्धे कर्ज फिटले, असे तो धरून चाललेला असतो. बँक मात्र अर्ध्याहून बरीच जास्त बाकी दाखवते. बाजारात लगेच बोलले जाते की बँकेने गडबड केली.

बहुतेक वेळा गडबड नसते. हप्ता दरमहा सारखा असतो, पण त्याच्या आतले दोन वाटे दर महिन्याला बदलत असतात. हे एकदा समजून घेतले, तर कर्ज घेताना फसगत होत नाही, खातेवही बरोबर राहते आणि हातात चार पैसे जादा आले तर ते केव्हा भरावेत याचाही फैसला करता येतो.

पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. मालेगावच्या एका यंत्रमाग कारखानदाराने जुने माग बदलण्यासाठी बँकेकडून ५ लाख रुपयांचे कर्ज घेतले असे धरा. दर सालाना १२ टक्के, मुदत पाच वर्षे, म्हणजे ६० हप्ते. बँकेने दरमहा ११,१२२ रुपयांचा हप्ता ठरवून दिला. १२ टक्के दर मुद्दाम घेतला आहे. सालाना १२ म्हणजे महिन्याला १ टक्का, त्यामुळे हिशेब तोंडी करता येतो. आपला दर वेगळा असेल तर त्याला १२ ने भागून महिन्याचा दर काढावा. पैसे सोडून पूर्ण रुपये धरले आहेत.

नियम एकच आहे. व्याज नेहमी त्या महिन्यात शिल्लक असलेल्या मुद्दलावर लागते. हप्त्यातून आधी ते व्याज वळते होते आणि उरलेली रक्कम मुद्दलातून वजा होते.

पहिल्या महिन्यात संपूर्ण ५ लाख शिल्लक होते. त्यावर १ टक्का म्हणजे ५,००० रुपये व्याज. हप्ता ११,१२२ चा, तेव्हा मुद्दलात गेले ६,१२२. बाकी राहिली ४,९३,८७८.

दुसऱ्या महिन्यात व्याज या कमी झालेल्या बाकीवर लागले, ४,९३९ रुपये. म्हणून मुद्दलात गेले ६,१८३ आणि बाकी झाली ४,८७,६९५.

तिसऱ्या महिन्यात व्याज ४,८७७, मुद्दल ६,२४५ आणि बाकी ४,८१,४५०.

आता नीट पाहा. दुसऱ्या महिन्यात व्याज ६१ रुपयांनी कमी झाले आणि तेवढेच ६१ रुपये मुद्दलाच्या वाट्यात वाढले. व्याजाचा वाटा सरकत सरकत मुद्दलाकडे जातो. सुरुवातीला ही सरकण धीमी असते, पुढे वेग घेते. साठाव्या, म्हणजे शेवटच्या हप्त्यात व्याज अवघे ११० रुपये असते आणि ११,०१२ रुपये मुद्दल असते. हप्ता तोच, पण पहिल्या हप्त्यात जवळपास पंचेचाळीस टक्के व्याज होते आणि शेवटच्यात एक टक्का.

पाच वर्षांचे चित्र

साठ महिन्यांची यादी येथे छापणे शक्य नाही, म्हणून वर्षावार बेरीज देत आहे. दर वर्षी भरणा एकच, सुमारे १,३३,४६७ रुपये.

पहिले वर्ष : व्याज ५५,८२२, मुद्दल ७७,६४५, वर्षअखेर बाकी ४,२२,३५५
दुसरे वर्ष : व्याज ४५,९७४, मुद्दल ८७,४९२, बाकी ३,३४,८६३
तिसरे वर्ष : व्याज ३४,८७८, मुद्दल ९८,५८९, बाकी २,३६,२७४
चौथे वर्ष : व्याज २२,३७५, मुद्दल १,११,०९२, बाकी १,२५,१८२
पाचवे वर्ष : व्याज ८,२८५, मुद्दल १,२५,१८२, बाकी शून्य

एकूण भरणा ६,६७,३३३. त्यात मुद्दल ५ लाख आणि व्याज १,६७,३३३.

आता सुरुवातीच्या तक्रारीचे उत्तर मिळते. तीस हप्ते झाल्यावर या कारखानदाराने सुमारे ३,३३,६६७ रुपये भरलेले असतात. त्यातले १,२०,७०६ रुपये व्याजाचे. मुद्दलातून गेले फक्त २,१२,९६१ आणि बाकी राहिली २,८७,०३९. निम्मे मुद्दल फिटायला पस्तिसावा हप्ता उजाडतो. उलट एकूण व्याजापैकी जवळजवळ बहात्तर टक्के व्याज पहिल्या तीस महिन्यांतच दिले जाते. पण बँकेने व्याज आधी वसूल केले असा त्याचा अर्थ होत नाही. सुरुवातीला बाकी मोठी होती, म्हणून व्याजही मोठे होते.

काही बँका लहान उद्योगांना दुसऱ्या पद्धतीने हप्ते बांधून देतात. त्यात मुद्दलाचा वाटा दरमहा सारखा ठेवतात आणि त्या महिन्याचे व्याज वेगळे जोडतात. आपल्या उदाहरणात मुद्दल दरमहा ८,३३३ आणि पहिल्या महिन्याचे व्याज ५,०००, म्हणजे पहिला हप्ता १३,३३३ चा. पुढे तो दर महिन्याला ८३ रुपयांनी उतरत जातो आणि शेवटचा ८,४१७ चा होतो. या पद्धतीत एकूण व्याज १,५२,५०० लागते, म्हणजे जवळपास पंधरा हजारांनी कमी. दर तोच असूनही व्याज कमी, कारण मुद्दल लवकर उतरते. मात्र माग नवे असताना, कारखाना अजून रुळावर आलेला नसताना, सुरुवातीचे हप्ते जड जातात. ज्याचे काम आधीपासून चालू आहे त्याला ही पद्धत परवडते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने विचार करून घ्यावी.

‘फ्लॅट’ दराची मेख

मशीन विकणारे काही दलाल आणि काही खासगी वित्त कंपन्या दर सांगताना ‘फ्लॅट’ हा शब्द वापरतात. ऐकायला तो साधा वाटतो. त्याचा अर्थ असा की व्याज पूर्ण मुदतभर मूळ कर्जावर मोजायचे, बाकी कितीही उतरो.

आपल्याच उदाहरणात १२ टक्के फ्लॅट घेऊ. ५ लाखांवर वर्षाला ६०,०००, पाच वर्षांचे ३ लाख. मुद्दल मिळून ८ लाख, भागिले साठ, हप्ता १३,३३३ रुपये. उतरत्या बाकीवर एकूण व्याज १,६७,३३३ होते, ते येथे ३ लाख झाले. दोन्हीकडे तोंडाने सांगितलेला दर ‘१२ टक्के’च.

हा १३,३३३ चा आकडा आपण वर पाहिला आहे. सारख्या मुद्दलाच्या पद्धतीत पहिला हप्ता तेवढाच होता. फरक इतकाच की तेथे तो पुढच्या महिन्यापासून उतरू लागतो आणि फ्लॅटमध्ये साठ महिने तसाच राहतो. म्हणजे पहिल्या महिन्याचे ५,००० रुपये व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत द्यायचे, जेव्हा खरी बाकी आठ हजारांवर आलेली असते. उतरत्या बाकीच्या भाषेत बोलायचे तर हे कर्ज १२ टक्क्यांचे नसून २० टक्क्यांहून थोडे जास्त पडते. कोणी ‘फक्त ८ टक्के फ्लॅट’ म्हणाला, तर तो बँकेच्या १२ टक्क्यांपेक्षा स्वस्त आहे असे समजून सही करू नये. पाच वर्षांच्या मुदतीत फ्लॅट दराच्या पावणेदोन पटीच्या आसपास खरा दर येतो, एवढी खूणगाठ बांधून ठेवावी.

यावर आता एक चांगला इलाज आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या वैयक्तिक कर्जांसाठी आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी करारापूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद कर्जदाराला द्यावा लागतो. बँकांनाही द्यावा लागतो आणि वित्त कंपन्यांनाही. त्यात सर्व शुल्क धरून पडणारा सालाना खरा दर असतो आणि प्रत्येक हप्त्यात व्याज किती व मुद्दल किती याची संपूर्ण यादी असते. हा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत असला पाहिजे, असेही आदेशात आहे. तोंडी सांगितलेला दर सोडून द्यावा आणि या कागदावरचा दर पाहावा. दोन ठिकाणची कर्जे ताडायची असतील तर तोच आकडा कामाचा आहे.

खातेवहीत नोंद कशी करावी

आपल्या लहान कारखान्यांत मुनीम किंवा घरातला मुलगा वही लिहितो. बँकेने ११,१२२ कापले की तो पूर्ण रक्कम एका खात्यात टाकून मोकळा होतो. येथे दोन प्रकारच्या चुका दिसतात.

पहिली चूक, पूर्ण हप्ता खर्चात लिहिणे. मुद्दल फेडणे हा खर्च नाही, ते आपले देणे कमी करणे आहे. पहिल्या वर्षी १,३३,४६७ रुपये खर्चात लिहिले, तर नफा ७७,६४५ रुपयांनी कमी दिसेल आणि कर्ज मात्र वहीत अजून ५ लाखच राहील. पुढे प्राप्तिकर खात्याने विचारणा केली तर हा खर्च मान्य होत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज तेवढे खर्च म्हणून चालते. मशीनची किंमत घसाऱ्याच्या रूपाने वेगळी वजा होतच असते, तीच पुन्हा हप्त्यातून वजा करता येत नाही. आणि मशीन कामाला लागण्यापूर्वीच्या काळाचे व्याजही खर्चात न जाता मशीनच्या किमतीत मिळवावे लागते.

दुसरी चूक याच्या उलट आहे. पूर्ण हप्ता कर्ज खात्यात लिहिला जातो. मग वर्षअखेर वहीत बाकी ३,६६,५३३ दिसते आणि बँकेच्या उताऱ्यावर ४,२२,३५५. फरक ५५,८२२, म्हणजे बरोबर त्या वर्षाचे व्याज. वही आणि बँक यांच्यात असा फरक पडला आणि तो वर्षाच्या व्याजाइतकाच निघाला, तर चूक कोठे आहे ते समजावे. यात तोटा असा की खर्चाचे ५५,८२२ रुपये लिहिलेच गेले नाहीत, नफा तेवढा फुगला आणि त्यावर विनाकारण कर बसला.

बरोबर पद्धत सोपी आहे. प्रत्येक हप्त्याच्या दोन नोंदी कराव्यात. पहिल्या महिन्यात ५,००० ‘व्याज खाते’, ६,१२२ ‘बँक कर्ज खाते’. दर महिन्याला जमत नसेल तर ३१ मार्चला बँकेकडून कर्ज खात्याचा उतारा आणि व्याजाचा दाखला घ्यावा आणि वर्षाचे दोन वाटे एकदम लिहावेत. बाकी उताऱ्याशी जुळली पाहिजे.

उतारा हातात आला की आणखी एक गोष्ट तपासावी. बँका व्याज दिवसावर मोजतात. म्हणून ५ लाखांच्या बाकीवर ३१ दिवसांच्या महिन्यात व्याज ५,०९६ येईल आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत ४,६०३. इतका चढउतार साहजिक आहे, त्यावरून बँकेशी वाद घालू नये. पण बाकी एखाद्या महिन्यात उतरण्याऐवजी चढलेली दिसली, किंवा उतरली पण फारच थोडी, तर थांबावे. बहुतेक वेळा मशीनच्या विम्याचा हप्ता, तपासणी शुल्क किंवा उशिराचा दंड कर्ज खात्यात टाकलेला असतो. अशी रक्कम मुद्दलात मिसळली की तिच्यावरही व्याज चढू लागते. ती लगेच रोख भरून टाकावी. दंडाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की दंड व्याजदरात मिसळायचा नाही, वेगळे शुल्क म्हणून लावायचा आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज घ्यायचे नाही. तसे झालेले दिसले तर शाखेत लेखी अर्ज द्यावा.

आगाऊ पैसे केव्हा भरावेत

व्याजाचा मसला आपल्या वाचकांच्या मनात असतोच. त्याचा शरई निर्णय उलेमांनी सांगायचा, व्यापाराच्या पानाने नव्हे. पण जे बांधव कर्जात आहेत आणि लवकर त्यातून बाहेर पडू इच्छितात, त्यांना वरचा तक्ता सर्वांत जास्त उपयोगी आहे.

समजा, आपल्या कारखानदाराचा ईदचा हंगाम चांगला गेला आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याच्याकडे १ लाख रुपये जादा राहिले. बाकी ३,३४,८६३ आहे. १ लाख भरल्यावर ती २,३४,८६३ झाली. आता बँक त्याला दोन रस्ते देईल.

एक रस्ता, हप्ता ११,१२२ च ठेवायचा आणि मुदत कमी करायची. मग ३६ ऐवजी २४ हप्त्यांत कर्ज संपते, शेवटचा हप्ता तर ९,३३० चाच असतो. वाचलेले व्याज सुमारे ३५,२५० रुपये.

दुसरा रस्ता, मुदत ३६ महिनेच ठेवायची आणि हप्ता कमी करायचा. हप्ता ७,८०१ वर येतो. दरमहा हात मोकळा होतो, पण व्याज वाचते सुमारे १९,५७० रुपये.

एकच लाख, एकच दिवस, पण दोन रस्त्यांत जवळपास पंधरा-सोळा हजारांचा फरक. म्हणून पैसे भरताना मुदत कमी करायची की हप्ता, हे अर्जात स्पष्ट लिहावे आणि नवी हप्त्यांची यादी मागून घ्यावी. काहीच लिहिले नाही तर बँक तिच्या पद्धतीने करून टाकते. ती रक्कम ‘पुढच्या हप्त्यांसाठी आगाऊ’ म्हणून जमा न होता मुद्दलातून वजा झाली आहे ना, हेही उताऱ्यावर पाहावे.

आता हाच लाख चौथ्या वर्षाच्या अखेरीस भरला असता तर? बाकी १,२५,१८२ होती. मुदत कमी करूनही वाचणारे व्याज सुमारे ७,८५० रुपये. दोन वर्षांपूर्वी ३५ हजार, आता आठ हजारही नाहीत. तक्त्यात पाहा, पाचव्या वर्षाचे एकूण व्याजच ८,२८५ आहे. जे व्याज उरलेलेच नाही ते वाचणार कोठून? शेवटच्या वर्षी घरचे दागिने मोडून किंवा नातेवाइकांकडून उसने आणून कर्ज संपवण्यात पैशाचा फायदा फार थोडा असतो.

येथे व्यापाऱ्याने आणखी एक तुलना करावी. कर्जात भरलेला पैसा महिन्याला १ टक्का वाचवतो. सूत रोखीने घेतले तर उधारीच्या भावापेक्षा किती स्वस्त मिळते? हा फरक महिन्याला १ टक्क्याहून जास्त असेल, तर तो लाख सुताच्या खरेदीत लावणे जास्त फायद्याचे आहे. कर्ज लवकर फेडले आणि मग सूत महाग उधारीने घ्यावे लागले, किंवा पैशाअभावी माग बंद ठेवावे लागले, तर वाचलेले व्याज दुसऱ्या दाराने निघून जाते. एकदा कर्जात भरलेला पैसा परत मागता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

मुदतीपूर्वी फेड केल्यास लागणाऱ्या शुल्काबद्दलही नियम बदलले आहेत. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या, बदलत्या व्याजदराच्या धंद्याच्या कर्जांवर व्यापारी बँकांना व्यक्ती आणि सूक्ष्म व लघु उद्योगांकडून असे शुल्क घेता येत नाही. मात्र त्याआधीची कर्जे, स्थिर दराची कर्जे आणि लहान सहकारी बँकांची कर्जे यांना हा नियम सरसकट लागू नाही. तेथे करारात काय लिहिले आहे ते पाहावे. आपल्या उदाहरणात १ लाखावर २ टक्के शुल्क असते तर २,००० रुपये गेले असते. दुसऱ्या वर्षी ३५ हजार वाचत असताना ते परवडते. चौथ्या वर्षी वाचणाऱ्या आठ हजारांतून मात्र चौथा हिस्सा त्यातच जातो.

ज्यांचे कर्ज चालू आहे त्यांनी याच महिन्यात एक छोटी परीक्षा करून पाहावी. उताऱ्यावरची बाकी घ्यावी, तिला सालाना दराने गुणावे, १०० ने भागावे आणि पुन्हा १२ ने भागावे. येईल ते या महिन्याचे व्याज. हप्त्यातून ते वजा करावे, उरले ते मुद्दल. बँकेच्या यादीशी हा आकडा दिवसांच्या हिशेबाने थोडाफार इकडेतिकडे जुळला, तर आपले कर्ज उतरत्या बाकीवरचे आहे आणि ठीक चालले आहे. व्याज यापेक्षा बरेच जास्त निघाले, तर दर फ्लॅट आहे, दर वाढलेला आहे किंवा बाकीत काही तरी मिसळले आहे. यांपैकी नेमके काय झाले, हे बँकेकडून लेखी विचारून घ्यावे.